गाडी कुलूपबंद झाली, भाडं मात्र रात्रभर चालूच: जर्मन अ‍ॅपवरून घेतलेली गाडी परत करताना

मेघना_प

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय, आणि थोडं मनही मोकळं करायचंय.

जर्मनीत तीन दिवसांसाठी भाड्याची गाडी घेतली होती. काउंटर नाही, चावी हातात देणारा माणूस नाही, फोनमधलं अ‍ॅप हीच किल्ली. आणि अ‍ॅप फक्त जर्मनमध्ये. आमच्या दोघांचं जर्मन "डांके"पाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं.

गाडी घेताना फार अडलं नाही. `Fahrzeug öffnen` असं मोठं हिरवं बटण होतं, दाबल्यावर इंडिकेटर लुकलुकले, आरसे उघडले. त्याआधी गाडीला काही लागलंय का ते विचारणारा स्क्रीन आला. पुढच्या उजव्या चाकाची रिम खरवडलेली दिसत होती, म्हणून फोटो काढून तिथे टाकला.

घोळ झाला परत करताना. रविवारी रात्री जमिनीखालच्या पार्किंगमध्ये ठरलेल्या जागी गाडी लावली, सामान काढलं, दारं लावली. अ‍ॅपमध्ये `Abschließen` असं बटण होतं. नवऱ्याच्या फोनवरचा भाषांतराचा कॅमेरा त्यावर धरला तर "पूर्ण करा" असं आलं. म्हटलं, हेच ते. दाबलं, गाडीतून टक् आवाज आला, स्क्रीनवर हिरवी खूण आली, आम्ही निघालो. सकाळी ट्रेनमध्ये बसल्यावर संदेश: `Ihre Miete läuft noch.` म्हणजे भाडं अजून चालू आहे! पुढचे अकरा तास आमच्या नावावर. शेवटी त्यांच्या फोनलाइनवर मोडक्या इंग्रजीत बोलून त्यांनीच तिकडून बंद केलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर गप्प बसले असते. बिलात आणखी दोन गोष्टी निघाल्या. टाकी पूर्ण भरून दिली होती, तर तिथे ५/८ लिहिलंय आणि उरलेल्या इंधनाचे पैसे लावलेत. आणि त्या रिमचं नुकसान "नवीन" म्हणून आमच्या माथी मारलंय. मी स्वतः फोटो टाकला होता हो!

कुणाला असा अनुभव आहे का? कुठे चुकलो आणि आता त्यांना काय लिहू?

फिरस्ता७

ताई, फोनची भाषा इंग्रजी केली की अ‍ॅपही इंग्रजी होतं. सेटिंगमध्ये जाऊन दोन मिनिटांचं काम. मी दरवेळी तेच करतो, कधी जर्मन वाचायची वेळ आली नाही. आणि डिजिटल किल्ली ब्लूटूथवर चालते, नेट लागतच नाही, त्यामुळे पार्किंग जमिनीखाली होतं याचा काही संबंध नाही.

मेघना_प

फोन माझा इंग्रजीतच आहे. अ‍ॅप तरी जर्मनच होतं.

जुनाटायर

फिरस्ता, दोन्ही मुद्दे अर्धेच बरोबर आहेत. फोनची भाषा बदलून उपयोग तेव्हाच, जेव्हा अ‍ॅप करणाऱ्यांनी ती भाषा आत घातलेली असते. मोठ्या कंपन्या घालतात, छोट्या बरेचदा नाही. अ‍ॅन्ड्रॉइड १३ पासून एकेका अ‍ॅपची भाषा वेगळी निवडता येते, आयफोनवर त्याही आधीपासून, पण यादीत भाषाच नसेल तर निवडणार काय?

आता ब्लूटूथ. मी काही वर्षं अशाच भाड्याच्या गाड्यांच्या ताफ्यावर काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दार उघडणं आणि लावणं ही फोन आणि गाडी यांच्यातली बोलणी. परवाना आधीच फोनमध्ये उतरवलेला असतो, म्हणून तळघरात रेंज नसली तरी दार उघडतं. भाडं संपवणं मात्र फोन, गाडी आणि सर्व्हर अशा तिघांचं काम. सर्व्हर आधी गाडीला विचारतो: इंजिन बंद आहे का, दारं-काचा लागल्यात का, चावी जागेवर आहे का, गाडी ठरलेल्या जागेत आहे का. सगळ्याला हो आलं तरच घड्याळ थांबतं. मेघनाताईंना दिसलेली हिरवी खूण पहिल्या प्रकारातली. गाडीने "कुलूप लागलं" एवढंच सांगितलं. भाड्याबद्दल ती काही बोललीच नव्हती.

ताई, हिरव्या खुणेनंतर स्क्रीनवर काय होतं? आठवतंय?

मेघना_प

गाडीचं चित्र, त्यावर बंद कुलूप, खाली दोन बटणं. एक पुन्हा `Fahrzeug öffnen`. दुसरं राखाडी, बारीक अक्षरांत. वाचलं नाही. रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि मुलगी पेंगत होती.

शब्दशः

ते राखाडी बटण `Miete beenden` असणार. भाडं संपवा. तुम्हाला हवं होतं ते तेच.

तुमची चूक म्हणवत नाही मला, कारण `abschließen` हे क्रियापद जर्मन शिकणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी आपटतं. दाराला कुलूप लावणं म्हणजे abschließen. काम किंवा शिक्षण पुरं करणं तेही abschließen. करार करणं, विमा उतरवणं, तेही abschließen. गंमत बघा, म्हणजे एकाच शब्दात करार सुरूही होतो आणि काम संपतंही. कुठला अर्थ घ्यायचा ते सोबतच्या नामावरून कळतं: `Fahrzeug abschließen` म्हणजे गाडीला कुलूप, `Versicherung abschließen` म्हणजे विमा घेणं. बटणावर जागा कमी म्हणून नाम गाळतात आणि उरतो नुसता `Abschließen`. भाषांतराच्या कॅमेऱ्याला आजूबाजूचं काही कळत नाही, तो सगळ्यात वापरातला अर्थ उचलून देतो. तुम्हाला "पूर्ण करा" मिळालं, दुसऱ्याला "कुलूप लावा" मिळेल.

अशा अ‍ॅपमध्ये कुलपासाठी `Verriegeln` असेल तर गोंधळ होत नाही, त्याचा अर्थ कडी घालणं एवढाच. शेवट करायचा असेल तर `beenden` किंवा `Rückgabe` शोधा. Rückgabe म्हणजे परत देणं. हे दोन शब्द डोळ्यांना ओळखीचे झाले तरी पुष्कळ.

नाना_बागवाले

माझ्याही गाडीच्या रिमोटने असाच त्रास दिला होता. दाबलं की टक् आवाज यायचा पण डिकी उघडीच. शेवटी आतला छोटा गोल सेल बदलला तेव्हा सुटलं. सेल बदलून पाहिलात का?

मेघना_प

नाना, रिमोट नव्हताच हो. सेल म्हणाल तर माझाच उतरला होता 😄

दुपारची_झोप

चावीवरून आठवलं. ऑस्ट्रियात आम्ही अशीच गाडी घेतली होती. दार अ‍ॅपने उघडायचं, पण गाडी चालू करायची खरी चावी ग्लव्ह बॉक्समध्ये एका खाचेत बसवलेली. परत करताना अ‍ॅप शेवटच्या स्क्रीनवर अडून बसलं. `Schlüssel` असा काहीतरी शब्द आणि लाल त्रिकोण. आम्ही दारं चार वेळा उघडली-लावली, काचा वरखाली केल्या, वायफाय बंद केलं, चालू केलं. वीस मिनिटांनी बायकोने रुमाल काढायला पर्स उघडली तर चावी तिच्यात. Schlüssel म्हणजे चावी हे त्या दिवशी आयुष्यभरासाठी पाठ झालं.

एका अर्थी त्या अडवणुकीने वाचवलंच. गुपचूप "झालं" म्हणणारं अ‍ॅप जास्त घातक, मेघनासारखं.

जुनाटायर

अगदी. आता इंधनाकडे येऊ, कारण ते पैसे परत मिळण्यासारखे वाटतात.

ताई, तुम्ही शेवटपर्यंत गेलाच नाहीत, म्हणजे इंधनाचा स्क्रीन तुमच्यासमोर आलाच नसणार. त्यावर `Tankstand` असं लिहून आठ भागांची पट्टी असते किंवा काट्याचा फोटो मागतात. फोनलाइनवरून भाडं बंद केलं की ती पायरी गळते आणि गाडीने शेवटचा पाठवलेला आकडा बिलात जातो. तो आकडा चुकू शकतो. मला तीन गोष्टी सांगा: पंप पार्किंगपासून किती लांब होता, इंधन भरताना गाडी पूर्ण बंद होती का, आणि पावती आहे का?

मेघना_प

पंप जेमतेम दोन किलोमीटरवर. पावती आहे, २७ लिटर, वेळ रात्री ९:०४. भरण्याआधी काटा अर्ध्याच्या जरासा खाली होता. इंजिन बंद केलं होतं, पण मुलीची गाणी चालू राहावीत म्हणून नवऱ्याने इग्निशन तसंच ठेवलं होतं. आता आठवतंय, पंपावरून निघालो तेव्हा काटा पूर्णवर नव्हता. मी म्हटलंही, "अरे, भरलं ना नीट?" नोझल तर आपोआप बंद झालं होतं.

जुनाटायर

सापडलं, निदान माझ्या मते. टाकीत इंधन हिंदकळतं, वळणावर, चढावर, ब्रेक मारल्यावर. काट्याने तसंच नाचू नये म्हणून त्याला मुद्दाम सुस्त केलेलं असतं. इग्निशन बंद करून परत चालू केलं की बऱ्याच गाड्या नव्याने मोजतात आणि काटा झटकन वर जातो. इग्निशन चालूच ठेवून भरलं तर गाडीला वाटतं आपण अजून वळणं घेतोय, आणि काटा हळूहळू चढतो. दोन किलोमीटरमध्ये तो ५/८ पर्यंत पोचला असेल आणि तुम्ही गाडी बंद केलीत. तोच आकडा गेला.

त्यांना काट्याचं शास्त्र सांगत बसू नका. साधा हिशेब मांडा. गाडीची टाकी किती लिटरची आहे ते पुस्तिकेत मिळेल. ५० धरून सांगतो, तुमची वेगळी असेल तर आकडा बदला. त्यांचं ५/८ खरं मानलं तर परत करताना टाकीत साधारण ३१ लिटर. तुम्ही त्याच्या काही मिनिटं आधी २७ भरलेत. म्हणजे भरण्याआधी फक्त ४ लिटर होते, इंधन संपत आल्याचा दिवा लागलेला असायला हवा होता. पण त्यांच्याच नोंदीत त्या संध्याकाळचे आधीचे आकडे असतात आणि ते अर्ध्याच्या आसपास दिसतील. ते त्यांना उघडून बघायला सांगा, सोबत पावती जोडा. अर्धी टाकी आणि २७ लिटर म्हणजे पूर्ण. यात वाद घालायला जागा उरत नाही.

सरळरेषा

विषयाला धरूनच एक शंका. आम्ही पुढच्या महिन्यात जातोय. बुकिंगमध्ये इंधनासमोर `Super` लिहिलंय. म्हणजे भारीतलं पेट्रोल भरायचं का? आणि `Benzin` वेगळं असतं का?

शब्दशः

`Benzin` म्हणजे पेट्रोल. `Super` हे तिथलं नेहमीचं पेट्रोल, नावावर जाऊ नका. डिझेलला डिझेलच म्हणतात.

जुनाटायर

आणि शब्दांवर विसंबायचंच नसेल तर इंधनाच्या झाकणाच्या आत पाहा. युरोपात २०१८ पासून नव्या गाड्यांवर आणि पंपांच्या नोझलवर सारख्या आकाराच्या खुणा असतात. पेट्रोलला गोल, आत E5 किंवा E10. डिझेलला चौकोन, आत B7 वगैरे. गोल असेल तर गोल, चौकोन असेल तर चौकोन. झाकणात E5 आणि E10 दोन्ही असतील तर कुठलंही चालतं. नुसतं E5 असेल तर E10 भरू नका.

सरळरेषा

वा, हे लक्षात राहील. धन्यवाद.

मेघना_प

इंधनाचं पत्र तर आत्ताच लिहायला घेते. पण रिमचं काय? फोटो टाकूनही "नवीन" कसं? अ‍ॅपमधली माझी नोंद उघडून बघतेय. असं दिसतंय:

```
Vorschäden
1. Kratzer, Stoßfänger hinten
2. Felge vorne, Fahrerseite (gemeldet vom Kunden)
```

फिरस्ता७

दुसरी तुमचीच ना? मग झालं की, ग्राहकाने कळवलंय असं स्पष्ट लिहिलंय. केस जिंकलात.

शब्दशः

थांबा, थांबा. पहिली नोंद मागच्या बंपरवर ओरखडा, ती जुनीच. दुसरीत `Felge` म्हणजे रिम, `vorne` म्हणजे पुढची. `Fahrerseite` म्हणजे चालकाची बाजू. ताई, तुम्ही "ड्रायव्हरची बाजू" निवडलीत का?

मेघना_प

हो. गाडीचं वरून काढलेलं चित्र होतं आणि खाली दोन पर्याय, `Fahrerseite` आणि `Beifahrerseite`. कॅमेऱ्याने पहिल्याचं भाषांतर ड्रायव्हरची बाजू असं दिलं. रिम उजवीकडची, म्हणून ते...

अरे देवा.

जुनाटायर

😀 हसतोय, पण तुमच्यावर नाही. तिकडे चालक डावीकडे बसतो. तुम्ही अख्खे तीन दिवस डावीकडे बसून गाडी चालवलीत, पण शब्द वाचताना डोकं घरच्या सवयीनेच चाललं. कागदावर तुम्ही पुढची डावी रिम खराब असल्याचं कळवलंत. ती त्यांना धडधाकट दिसली, आणि उजवीकडे "नवं" नुकसान सापडलं.

तुमचा तो फोटो कसा आहे? नुसतं चाक की थोडी गाडीही दिसते?

मेघना_प

अ‍ॅपमध्ये टाकलेला अगदी जवळून घेतलाय, ओरखडा भरून दिसतो, बाकी काही नाही. पण फोनमध्ये त्याआधी काढलेला आणखी एक आहे. त्यात चाक, पुढचं दार आणि बाजूचा आरसा दिसतो.

जुनाटायर

त्यात गाडीचं नाक फोटोच्या कुठल्या कडेला आहे?

मेघना_प

उजव्या.

जुनाटायर

मग ती गाडीची उजवी बाजू. बाजूने पाहताना नाक आपल्या उजवीकडे असेल तर दिसते ती उजवीच. फोटो काढल्याची वेळ फोनमध्ये असते. ती अ‍ॅपमधल्या भाडं सुरू झाल्याच्या वेळेच्या आधीची असेल तर तुमचं काम होऊ शकतं. मूळ फाइलच पाठवा. चॅटमधून पाठवलेल्या फोटोत बरेचदा ही माहिती गळून जाते. दोन्ही फोटोंतला ओरखडा एकच आहे हे दिसायला हवं, म्हणून जवळचाही सोबत जोडा. आणि बाजू चुकून निवडली हे सरळ कबूल करा.

आणखी एक. नुकसानीच्या स्क्रीनवर मोठं बटण बहुतेक वेळा `Keine neuen Schäden` असतं, आणि `Schaden melden` हे बारीक. पहिल्याचा अर्थ "नवीन नुकसान काही नाही", दुसऱ्याचा "नुकसान कळवा". Schaden शब्द दोन्हीत आहे, म्हणून घाईत मोठं दाबलं जातं. `Keine` दिसलं की तो नकार समजा.

दुपारची_झोप

माझं काय म्हणणं आहे, रिम आणि इंधन ठीक, पण त्या अकरा तासांचं भाडं ही सरळ फसवणूक आहे. बटण राखाडी, बारीक, आणि कुलूप लागल्यावर हिरवी खूण. कुणीही फसेल.

फिरस्ता७

फसवणूक कसली? भाषा येत नसताना ते अ‍ॅप निवडलं कुणी? गाडी अडकून राहिली, दुसऱ्या ग्राहकाला देता आली नाही. पैसे द्यावेच लागणार.

दुपारची_झोप

रविवारी रात्री साडेनऊला कुठला दुसरा ग्राहक रांगेत उभा होता? आणि गाडी ठरलेल्या जागी, कुलूप लावून उभी होती. ती तिथे आहे हे त्यांना दिसत नव्हतं?

जुनाटायर

दिसत होतं का हा खरा प्रश्न. तळघरात जीपीएस पोचत नाही, त्यामुळे गाडीची शेवटची ठाऊक जागा बहुधा वर रस्त्यावरची. कुलूप लागल्याची वेळ मात्र गाडीत नोंदलेली असते. ताई, कुलूप ९:३० च्या आसपास लागलं आणि त्यानंतर गाडी जागची हलली नाही, इतकं त्यांच्या नोंदीवरून सिद्ध होतं. त्यावर सवलत देणं त्यांच्या मर्जीवर. माझ्या कामात आम्ही पहिल्या वेळी बऱ्याचदा देत होतो, पण नियम म्हणून नव्हे.

मेघना_प

काल तिन्ही गोष्टींची एकच मेल पाठवली, शब्दशः यांनी जर्मन तपासून दिलं (खूप आभार!). आज उत्तर आलं. इंधनाचे पैसे परत, विनातक्रार, फक्त "आमची नोंद दुरुस्त केली आहे" एवढं एक वाक्य. रिम "तपासणीत आहे", फोटोची मूळ फाइल त्यांनीही मागितली. रात्रीच्या भाड्याबद्दल मेलमध्ये अवाक्षर नाही.

शब्दशः

उत्तरात `Kulanz` हा शब्द कुठे आहे का, बघा. हक्क नसताना चांगुलपणाने दिलेली सूट, तिला ते लोक Kulanz म्हणतात. नसेल तर पुढच्या मेलमध्ये आपणच तो वापरू. "आमची चूक नाही" म्हणत भांडण्यापेक्षा `aus Kulanz` सूट मागितलेली बरी.

दुपारची_झोप

म्हणजे चूक मान्य करायची?

शब्दशः

चुकीबद्दल काही बोलायचंच नाही. कुलपाची वेळ सांगायची आणि विचारायचं.

मेघना_प

नाहीये तो शब्द. ठीक, आज रात्री लिहिते. रिमचं काही कळलं की इथेच टाकेन.

सरळरेषा

मेघनाताई, जाता जाता एक. त्या राखाडी बटणाचा स्क्रीनशॉट आहे का तुमच्याकडे? बायकोच्या फोनमध्ये ठेवून देतो.

मेघना_प

नाही हो. अ‍ॅप स्क्रीनशॉट घेऊच देत नव्हतं, काळा पडदा यायचा. म्हणून तर दुसऱ्या फोनचा कॅमेरा धरावा लागला. `Miete beenden` एवढं कागदावर लिहून घ्या.